कडक शिस्तीच्या वरिष्ठांना वाढदिवसाचे शुभेच्छापत्र

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्ज, विनंतीपत्र आणि कार्यालयीन टिपणी यांचा अभ्यास केला. या लेखनप्रकारांचे नमुने ठरलेले असतात, त्यामुळे ते सरावाने जमतात. कार्यालयातील वरिष्ठांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे चार ओळींचे पत्र मात्र अनेकांना अडचणीत टाकते. वरिष्ठ शिस्तीचे कडक असतील तर ही अडचण अधिकच वाढते. कोरडे लिहिले तर ते उपचारापुरते वाटते, भरभरून लिहिले तर खुशामत वाटते. प्रस्तुत विभागात अशा एकाच पत्राचा मसुदा आपण तपासून पाहणार आहोत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले. तेथील लेखा विभागात आपल्यापैकी काही जण नोकरी करत असतील. म्हणून उदाहरण तेथलेच घेऊ. एका कारखान्यातील लिपिक आपल्या मुख्य लेखापालांना शुभेच्छापत्र लिहीत आहे, अशी कल्पना करा. त्याचा पहिला मसुदा असा आहे :

‘आदरणीय साहेब, आपण आमच्या विभागाचे आधारस्तंभ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय व दूरदृष्टीचे व्यक्तिमत्त्व आहात. आपण वरून कडक असलात तरी आतून अत्यंत प्रेमळ आहात. आपल्या छत्रछायेखाली काम करण्याचे भाग्य आम्हांस लाभले. आपण शतायुषी व्हा! आपली कृपादृष्टी आमच्यावर सदैव राहो.’

यातील एकही शब्द अशिष्ट नाही. तरीही पत्र वाचून साहेबांच्या कपाळाला आठी पडण्याचीच शक्यता अधिक. त्याची कारणे भाषेतच सापडतात.

पहिल्या वाक्यातील विशेषणे पाहा. वाढदिवसाच्या फलकांवर हीच विशेषणे चौकाचौकांत झळकतात. ती कोणत्याही अधिकाऱ्याला लावता येतात, म्हणून ती कोणालाच लागू पडत नाहीत. वाक्य तपासण्याची एक सोपी रीत आहे. ते वाक्य शेजारच्या विभागाच्या प्रमुखांना जसेच्या तसे पाठवता येते का, ते पाहावे. येत असेल तर ते खोडावे.

दुसऱ्या वाक्यातील दोष अधिक सूक्ष्म आहे. ‘कडक असलात तरी’ या रचनेतील ‘तरी’ हे विरोध दाखवते. त्यामुळे कडकपणा हा दोष ठरतो आणि लिपिक तो उदार मनाने माफ करत आहे, असा अर्थ निघतो. स्तुती करता करता कनिष्ठाने वरिष्ठांच्या स्वभावावर निकाल दिला! जो माणूस आपल्या शिस्तीला कर्तव्य मानतो, त्याला हे बोचेल. शिवाय साहेब आतून कसे आहेत, हे लिपिकाला कसे कळले, हा प्रश्न उरतोच.

‘शतायुषी व्हा’ या शब्दांकडेही लक्ष द्या. ‘व्हा’ हे द्वितीय पुरुषी आज्ञार्थी रूप आहे. ते थेट समोरच्या व्यक्तीला उद्देशून येते आणि वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना द्यायच्या आशीर्वादासारखे ऐकू येते. ‘आपणांस उत्तम आरोग्य लाभो’ या वाक्यातील ‘लाभो’ हे रूपही आज्ञार्थीच आहे, पण त्याचा कर्ता ‘आरोग्य’ आहे. इच्छा आरोग्याविषयी व्यक्त होते आणि वरिष्ठांना काही करण्यास सांगितले जात नाही. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीसाठी ‘लाभो’, ‘राहो’, ‘जावो’ ही तृतीय पुरुषी रूपे म्हणूनच सोयीची ठरतात. मात्र ‘कृपादृष्टी आमच्यावर राहो’ येथे रूप योग्य असूनही आशय बिघडला आहे. शुभेच्छा साहेबांसाठी होती, ती शेवटी लिपिकाने स्वतःसाठीच मागून घेतली.

मग जिव्हाळा आणायचा कोठून? तो घडलेल्या प्रसंगातून येतो. आपल्या लिपिकाच्या बाबतीत असा प्रसंग घडलेला आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार, वेगळा करार नसल्यास, ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे हंगामात ऊस बिलांच्या याद्या घाईने तयार होतात. अशी एक यादी साहेबांनी दोन वेळा परत पाठवली. चूक कोठे आहे, हे त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्यांदा तपासताना लिपिकाला दिसले की, एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आपसांत बदलले गेले आहेत. यादी तशीच गेली असती तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले असते. या प्रसंगाच्या आधारे सुधारलेला मसुदा असा :

‘आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.
वाढदिवसानिमित्त आपणांस मनःपूर्वक शुभेच्छा.
गेल्या हंगामात ऊस बिलाची एक यादी आपण दोन वेळा परत पाठवली होती. तिसऱ्यांदा तपासताना दोन खाते क्रमांकांची अदलाबदल माझ्या लक्षात आली. तेव्हापासून प्रत्येक यादी मी एकदा नावांवरून आणि एकदा खाते क्रमांकांवरून वाचतो. ही सवय मला आपल्यामुळे लागली.
आपणांस उत्तम आरोग्य लाभो आणि येणारे वर्ष आपणांस व कुटुंबीयांस समाधानाचे जावो.
आपला नम्र,’

येथे ‘शिस्तप्रिय’ हा शब्द एकदाही आलेला नाही, पण शिस्तीचे फळ दिसते. लिपिकाने साहेबांचे वर्णन न करता स्वतःत झालेला बदल सांगितला. स्वतःविषयी बोलण्याचा त्याला अधिकार आहे आणि ते विधान खरे की खोटे, हे साहेब उद्याची यादी पाहून ताडू शकतात. खुशामतीला अशी पडताळणी सोसत नाही.

पेशवेकालीन पत्रांतही कनिष्ठ माणूस ‘स्वामींचे सेवेसी’ असा मायना लिहून आदर आरंभीच व्यक्त करी आणि अखेरीस ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’ असे लिही. मधला भाग कामाच्या मजकुराला मोकळा राही. वरील मसुद्याची ठेवणही काहीशी तशीच आहे. आदराचा भार ‘आदरणीय’, ‘सादर नमस्कार’ आणि ‘आपला नम्र’ यांनी उचलला आहे, म्हणून मधली वाक्ये साधी राहू शकली.

‘त्या वेळी मला वाईट वाटले होते’ असे वाक्य यात घालावे का? दहा वर्षे सोबत काम केलेल्याने घातले तर ते मोकळेपणाचे वाटेल. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्याने घातले तर तक्रार वाटेल. शंका असल्यास ते गाळावे.

सांगण्याजोगा प्रसंगच नसेल तर तो रचू नये. मायना, शुभेच्छा आणि आरोग्याची इच्छा एवढ्या तीन ओळी पुरेशा आहेत. शिस्तीच्या नावाखाली ज्यांनी चारचौघांत अपमान केला, अशा वरिष्ठांच्या बाबतीतही या तीन ओळींपुढे जाण्याचे कारण नाही. ठरावीक शब्दांत केलेला शिष्टाचार हा खोटेपणा नसतो.

पत्र देण्याची रीतही अर्थ बदलते. कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर हाच मजकूर टाकला तर तो साहेबांपेक्षा सहकाऱ्यांना ऐकवण्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो. गटावर एक ओळ पुरे, प्रसंग असलेले पत्र हातीच द्यावे. ते स्वाक्षरीच्या फायलींसोबत ठेवू नये आणि त्याच दिवशी रजेचा अर्जही पुढे करू नये. शासकीय सेवेत असाल तर सोबत भेटवस्तू देण्याचा विचार करण्यापूर्वी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील भेटवस्तूंविषयीची तरतूद वाचावी.

स्वाध्याय
१. ‘आपण शिस्तीचे भोक्ते असूनही आम्हांला आपला धाक वाटत नाही.’ या वाक्यातील ‘असूनही’मुळे कोणता अर्थ सूचित होतो ते स्पष्ट करा आणि वाक्य बदलून लिहा.
२. ग्रामीण रुग्णालयातील एक परिचारिका आपल्या परिसेविकेला शुभेच्छापत्र लिहीत आहे. औषधांच्या नोंदवहीशी संबंधित एक प्रसंग कल्पून साठ ते सत्तर शब्दांचे पत्र तयार करा. वरिष्ठांसाठी एकही गुणवाचक विशेषण वापरू नका. मायन्यातील ‘आदरणीय’ तेवढे चालेल.