गृहभेटीची नोंद : एकट्या वृद्धेच्या घरातील धोके

‘घरात पडण्याचा धोका आहे’ एवढ्या नोंदीवरून वैद्यकीय अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस काहीच करता येत नाही. धोका कोठे, कोणत्या वेळी व कशामुळे, हे तीत असावयास हवे.

उदाहरणादाखल, 74 वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी परिचारिका गेली आहे असे समजू. ‘‘मी काही पडत-बिडत नाही, बाई,’’ असे आजी सांगतात. वृद्ध माणसे पडल्याचे सहसा कबूल करीत नाहीत. मुलगा शहरात घेऊन जाईल, ही धास्ती असते. म्हणून प्रश्न बदलावा लागतो : ‘‘तोल जाऊन कशाला धरावे लागले का?’’ तेव्हा परसदाराशी रात्री दोनदा तसे झाल्याचे कळते.

मग परिचारिका आजींना खाटेपासून परसातील शौचालयापर्यंत नेहमीप्रमाणे चालावयास सांगते व स्वतः मागोमाग जाते. वाटेत गोणपाट अंथरलेले, पुढे वीतभर उंच उंबरठा, आणि दिव्याचे बटण उंबरठ्यापलीकडे! म्हणजे सर्वांत अवघड पाऊल रोज अंधारात पडते.

तथापि दोष घराचाच असे मानून थांबू नये. आजींना पाच मिनिटे निजवून रक्तदाब घेतला, तो 146/84 भरला. उभे राहिल्यावर एका मिनिटाने 122/76, तीन मिनिटांनी 124/76, व डोळ्यांपुढे किंचित अंधारी. उभे राहिल्यानंतरच्या तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो उतार महत्त्वाचा मानतात. बसवून एकदाच रक्तदाब घेतला असता तर हे दिसलेच नसते. औषधांच्या डबीत रक्तदाबाची व लघवी वाढविणारी, अशा दोन गोळ्या निघाल्या. विसर पडू नये म्हणून आजी दोन्ही रात्रीच घेत. लघवीसाठी रात्री दोन-तीनदा उठणे आणि उठताच अंधारी येणे, यांचा उलगडा येथे होतो.

गोळ्यांच्या वेळा परिचारिकेने स्वतः बदलावयाच्या नाहीत. तिन्ही मोजमापे, गोळ्यांची नावे व घेण्याच्या वेळा लिहून तिने त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावयाचे. गोणपाट आजींच्या संमतीने लगेच उचलले. बटण खाटेजवळ येईपर्यंत उशाशी बॅटरी, आणि उठताना काठावर एक-दोन मिनिटे बसणे ठरले. उंबरठा काढण्यास आजींनी साफ नकार दिला. तोही नोंदीत आला, आणि कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढण्यास त्यांनी होकार दिला. रात्री दोन्ही दारांना आतून कडी असते, पडल्यास शेजारीण आत कशी येणार, हे मात्र सुटले नाही. ते ‘प्रलंबित’ म्हणून लिहिले. पुढील भेट पंधरा दिवसांनी. तेव्हा निजवून व उभे करून पुन्हा रक्तदाब घ्यावयाचा आणि तीच वाट पुन्हा चालून पाहावयाची.