चावी मेलमध्ये नको

आदिलाबादेत मी कापसाच्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामे करतो. जैनथ, बेलापासून पैनगंगेपलीकडच्या पांढरकवड्यापर्यंतची मंडळी माझ्याकडे येतात. नोंदणी झाली की पोर्टलचे युजरनेम आणि पासवर्ड व्यापाऱ्याकडे पोचवावे लागतात, बँकेसाठी ताळेबंदही पाठवावा लागतो.

एका अडत्याला त्याच्या आधीच्या सल्लागाराने युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही एकाच मेलमध्ये पाठवले होते. हंगामाच्या गडबडीत अडत्याने झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडून प्रिंट काढली आणि लॉगआउट न करताच निघून गेला. पुढे पोर्टलचा पासवर्ड कुणीतरी बदलला. तो परत मिळवण्यात रिटर्नची मुदत टळली आणि विलंब शुल्क भरावे लागले.

म्हणून मी हे सगळे एका पीडीएफ फाइलमध्ये घालतो, तिला पासवर्ड लावतो आणि तो फोनवरच सांगतो. तो दुसऱ्या मेलने धाडून उपयोग नाही, कारण मेलची पेटी ज्याच्या हाती लागली त्याला दोन्ही मेल सापडतात. व्हॉट्सॲपही त्याच संगणकावर उघडे असू शकते. यामागचे कारण मेलमध्येच लिहितो, नाहीतर समोरचा वैतागून ‘साधीच पाठवा’ म्हणतो. माझा मजकूर असा असतो:

“भाऊ, सोबतची पीडीएफ पासवर्डने बंद आहे. मेल दुसऱ्याच्या हाती लागला तरी आकडे दिसू नयेत म्हणून पासवर्ड इथे लिहिलेला नाही. संध्याकाळी माझ्या नेहमीच्या नंबरवरून फोन करून सांगतो. पोर्टलचे लॉगिनही याच फाइलमध्ये आहे. पहिल्यांदा आत गेलात की पासवर्ड बदला आणि नवा मलाही सांगू नका. ओटीपी मी मेलवर कधीच मागणार नाही.”

पीडीएफ मोबाइलवरही उघडते. कूटबद्ध झिप पाठवली तर विंडोजवर नुसते डबल-क्लिक करून ती बऱ्याचदा उघडत नाही आणि व्यापारी गोंधळतो. वर्डमध्ये Save As करताना पीडीएफ निवडून Options मध्ये Encrypt the document with a password ला टिक करायची. पासवर्ड फोनवर नीट सांगता यावा म्हणून चार असंबद्ध शब्द घेतो, जसे `kandil-hurda-taraju-vihir`. हा छापून गेला, तुम्ही वेगळा घ्या. पॅन किंवा जन्मतारीख मात्र नको. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुलूप ओळखीच्या माणसासमोर टिकत नाही.

रिटर्नसाठी व्यापाऱ्याचा पासवर्ड मागायचीही गरज नसते. सल्लागार नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असला, तर व्यापारी User Services मधल्या Engage / Disengage GST Practitioner वरून त्याला नेमू शकतो. मग सल्लागार स्वतःच्या लॉगिनने काम करतो आणि संबंध संपले की व्यापारी त्याला तिथूनच काढून टाकतो.

जुन्या मेलमध्ये पासवर्ड पडून असतील तर ते मेल पुसण्याआधी पासवर्ड बदला. तुमच्याकडचा मेल पुसला तरी पाठवणाऱ्याच्या पेटीतली प्रत तशीच राहते.