फणी टोचायच्या आत

अर्धशिशीचं दुखणं डोक्याच्या आत असतं असं आपण धरून चालतो. माझ्या अर्धशिशीत मात्र तास-दोन तासांनी ते कातडीवर येतं. ज्या बाजूचं डोकं ठणकत असतं, तीच बाजू हुळहुळी होते. फणी फिरवली की केसांच्या मुळाशी आग होते, अंबाड्याचा आकडा सहन होत नाही, चष्म्याची दांडी कानामागे खुपते आणि त्या कुशीवर उशीला डोकं टेकवत नाही.

हे लक्षण माणसाला भलत्याच दारात नेतं. चष्म्याच्या दुकानात मी फ्रेम सैल करून घेतली, मग हलकी फ्रेम घेतली. घरच्यांनी डोक्यात उष्णता झाली म्हणून तेल चोळायला घेतलं, तर बोटांचा नुसता स्पर्शही नकोसा झाला. दुसऱ्या दिवशी ठणका ओसरला की तोच चष्मा, तीच फणी, आणि काहीच दुखत नसे. ही खूण लक्षात ठेवावी. टोचणं झटक्याबरोबर येत असेल आणि झटक्याबरोबरच जात असेल, तर दोष चष्म्यात नाही.

न्यूरॉलॉजिस्टांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘केस विंचरताना दुखतं का? आणि गोळी त्याच्या आधी घेता की नंतर?’’ आमच्या घरी गोळी अगदी सहन होईनासं झालं तरच घ्यायची, अशी शिस्त. म्हणजे नेहमीच नंतर. ‘‘मग गोळी लागू पडत नाही, ही तुमची तक्रार बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

ज्या स्पर्शाने एरवी दुखत नाही त्याने दुखू लागणं, याला अ‍ॅलोडायनिया म्हणतात. झटक्याच्या सुरुवातीला मेंदूच्या आवरणातल्या वेदनावाहक नसा चेतवलेल्या असतात. त्यामुळे डोकं ठणकतं, वाकलं किंवा जिना चढलं की जास्तच. या नसा आपला निरोप मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींना देतात, आणि चेहऱ्याच्या व टाळूच्या कातडीचे निरोपही तिथेच येतात. भडिमार चालू राहिला तर त्या पेशी स्वतःच चेततात. मग फणीचा साधा स्पर्शही त्यांना वेदना वाटतो, आणि खालून निरोप थांबले तरी त्या शांत होत नाहीत. काहींना पुढे मनगटावर घड्याळ किंवा बांगडीही बोचते.

ट्रिप्टान गटाची औषधं, म्हणजे सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे, मुख्यतः नसांकडून या पेशींकडे जाणारा निरोप अडवतात. पेशी आपल्या आपण पेटल्यावर अडवायला फारसं काही उरत नाही. हार्वर्डचे संशोधक रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हेच दाखवलं. कातडी दुखू लागण्याआधी ट्रिप्टान घेतलेल्या झटक्यांपैकी 93 टक्के झटक्यांत वेदना पूर्ण थांबली. कातडी दुखू लागल्यावर घेतलं तेव्हा फक्त 15 टक्क्यांत. अभ्यास छोटा होता, पण माझ्या अनुभवाशी तो अगदी जुळतो. उशिरा घेतलेल्या गोळीने माझा ठणका कमी व्हायचा, टाळू मात्र हुळहुळीच राहायची.

आता मी वेळ पाहते. समजा, साडेदहाला उजव्या कपाळात दुखू लागलं, वाकल्यावर वाढलं, खिडकीचा उजेड नकोसा झाला. ही माझी अर्धशिशीच. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी पावणेअकराच्या आत पोटात जाते. झटक्यात पोटाची हालचाल मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी रक्तातही सावकाश उतरते. मळमळ होत असेल तर त्यावरचं औषध सोबत लागतं. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसत असतील तर ट्रिप्टान त्या वेळी नव्हे, डोकं दुखू लागताच घ्यायचं.

लवकर म्हणजे वारंवार नव्हे. महिन्यात 10 किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, किंवा 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या असं महिनोन्‌महिने चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. झटके इतके जवळजवळ येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, त्याबद्दल विचारा. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान चालत नाही. अर्गोटामीन असलेली गोळी घेतली असेल, तर त्यानंतर 24 तास ट्रिप्टान घेऊ नये.

आणि एक इशारा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच टाळू हुळहुळी झाली, चावताना जबडा दुखू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर ती अर्धशिशी समजू नका. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आली असण्याची शक्यता असते, आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

बाकीच्यांनी पुढच्या झटक्यात तीन वेळा लिहून ठेवा: दुखणं सुरू झालं ती, गोळी घेतली ती आणि फणी किंवा चष्मा टोचू लागला ती. तो कागद डॉक्टरांना दाखवा.