‘सीरियस आहे’ म्हणण्याआधी

मराठवाड्यात ‘तब्येत सीरियस आहे, लवकर निघा’ असा फोन आला की घरातली जाणती माणसं पुढचं काही विचारत नाहीत. कपाटातले पैसे घेतात, गुरांचं शेजाऱ्याला सांगतात आणि गाडी ठरवतात. माणूस गेला आहे, हे त्यांना कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते घरातल्या म्हातारीला. ती देवापुढे दिवा लावते, नवस बोलते आणि दर अर्ध्या तासाने ‘आता कसं आहे?’ म्हणून विचारत राहते. बाकीचे सगळे तिची नजर चुकवत ‘बरंय, बरंय’ म्हणतात. संध्याकाळी अॅम्ब्युलन्स दारात येते तेव्हा तिला बातमी कळते ती गर्दीत, उभ्यानं आणि सर्वात शेवटी.

यामागे वाईट हेतू कोणाचाच नसतो. भीती असते ती एकच: ‘म्हातारीनं ऐकल्याबरोबर काही झालं तर?’ ही भीती निराधार नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याचा धोका एरवीच्या जवळपास एकवीस पट असतो आणि नंतर तो दिवसागणिक उतरत जातो, असं त्यात दिसलं. आकडा दचकवणारा आहे, पण एरवीचा एका दिवसाचा धोका मुळातच फार लहान असतो. त्याच संशोधकांच्या हिशोबाने, ज्यांना हृदयविकाराचा धोका आधीपासून जास्त आहे अशा सुमारे ३२० शोकग्रस्तांमागे एकाला या कारणाने जादा झटका येतो.

या आकड्यांतून नातेवाईक जो निष्कर्ष काढतात, तो मात्र चुकतो. धोका वियोगाचा आहे. बातमी आठ तास उशिरा दिली म्हणून तो टळत नाही, आठ तास पुढे ढकलला जातो. हळूहळू सांगितल्याने झटका येत नाही, असा दावाही कोणत्याही डॉक्टराने करू नये. टप्प्याटप्प्याने सांगण्याचा फायदा वेगळा आणि अगदी व्यवहारातला आहे. ऐकणारी व्यक्ती बसलेली असते, तिच्याजवळ आपलं माणूस असतं, पोटात चार घास असतात आणि काही बिनसलंच तर कोणाचं तरी लक्ष असतं.

वाईट बातमी कशी द्यावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. निवांत जागा करा, समोरच्याला काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचं आहे याचा अंदाज घ्या, मग सांगा, भावनेला वाट द्या आणि शेवटी पुढचं ठरवा, असा तिचा क्रम आहे. ती समोरासमोर बसून बोलण्यासाठी होती. फोनवर चेहरा दिसत नाही, हात धरता येत नाही आणि रेंजही मध्येच जाते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नसल्याने डॉक्टरांना हेच काम फोनवर करावं लागलं. ते काम घरच्या माणसाला करावं लागतं तेव्हा त्याची पहिली पायरी म्हाताऱ्या माणसाला फोन करण्याच्या आधीच येते.

एक प्रसंग कल्पून पाहू. भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात शहात्तर वर्षांच्या एक आजी धाकट्या मुलाकडे राहतात. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. थोरला मुलगा चाकणला कंपनीत होता. पहाटे चारला तो दवाखान्यात हृदयविकाराने गेला. त्याचा चुलतभाऊ तिथेच आहे आणि फोन त्यालाच करायचा आहे. मृतदेह गावी पोहोचायला सात-आठ तास तरी लागणार.

त्याने पहिला फोन आजींना करायचा नाही, धाकट्या भावाला करायचा. त्याला खरं ते पूर्ण सांगायचं आणि तीन कामं द्यायची: शेतात असशील तर घरी ये, पण मोटारसायकल स्वतः चालवू नकोस, कोणाला तरी घेऊन ये, आईने नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या घेतल्यात का बघ, आणि तिच्याजवळ बसला की मला मिस कॉल दे. भाऊ स्वतःच सांगू शकत असेल तर उत्तमच, फोनची गरज उरत नाही. पण सख्खा भाऊ गेलेल्या माणसाच्या तोंडून अनेकदा शब्द फुटत नाही. अशा वेळी त्याने फक्त शेजारी बसावं आणि बोलणं फोनवरच्या माणसाने करावं, ही वाटणी चांगली चालते.

मधला अर्धा-पाऊण तास बातमी फुटण्याचा असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. मृतदेहांची ओळख पटवणं अवघड झालं होतं, पण जळालेल्या बसची दृश्यं सकाळपासून वाहिन्यांवर फिरत होती. एखाद्या घरातल्या मृत्यूची बातमी टीव्हीवर येत नाही, तिच्यासाठी व्हॉट्सअॅप पुरेसं आहे. कंपनीतला एखादा मित्र कळवळून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं स्टेटस ठेवतो आणि दहा मिनिटांत गल्लीतली बाई रडत दारात येते. म्हणून चाकणच्या मित्रांना स्पष्ट सांगायचं: आईला कळवलं की मी सांगेन, तोवर फोटो टाकू नका.

मिस कॉल आला की साधा फोन लावायचा, व्हिडिओ नाही. आजींना पलंगावर किंवा भिंतीला टेकून खाली बसवायचं. धक्क्याने रक्तदाब एकदम उतरून माणूस उभ्याचा कोसळू शकतो आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. फोन चांगल्या कानाला लावायचा. स्पीकरवर ठेवला तर अंगणात कोणी नाही ना, ते पाहायचं.

‘काकू, मी चाकणहून बोलतोय. नीट ऐकू येतंय ना? जवळ कोण बसलंय?’

‘हा बसलाय की. काय रे, एवढ्या सकाळी?’

‘दादाशी शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?’

‘परवा. म्हणत होता पित्त झालंय, छातीत जळजळतंय.’

हा प्रश्न वेळकाढूपणाचा नाही. आजींना काय माहीत आहे ते यातून कळतं आणि पुढचं वाक्य तिथूनच सुरू करता येतं. ‘तेच दुखणं होतं, काकू. ते पित्ताचं नव्हतं, हृदयाचं होतं. रात्री त्याला फार त्रास झाला. आम्ही लगेच दवाखान्यात नेलं.’ इथे थांबायचं. बहुतेक आया इथेच विचारतात, ‘मग? आता कसाय?’ त्यावर, ‘काकू, बातमी चांगली नाही.’ दोन श्वास जाऊ द्यायचे. मग एका वाक्यात: ‘डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण पहाटे चार वाजता दादा वारला.’

सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. टप्पे आहेत, पण त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणून नंतर एकही मागे घ्यावं लागत नाही. ‘सीरियस आहे’ या फोनशी याचा फरक इथे आहे. शेवटचं वाक्य आडवळणाचं नको. ‘आपल्याला सोडून गेला’ हे कमी ऐकू येणाऱ्या माणसाला अर्धवट पोहोचतं आणि ‘कुठं गेला?’ असा प्रश्न येतो. मग तेच पुन्हा, अधिक मोठ्याने सांगावं लागतं. आणि आजींनी पहिल्याच वाक्याला ‘माझा लेक गेला का?’ असं थेट विचारलं, तर सगळे टप्पे सोडून ‘हो’ म्हणायचं.

त्यानंतर फोन ठेवायचा नाही. पलीकडे हंबरडा असेल किंवा नुसती शांतता. ‘धीर धरा’, ‘तुम्हीच असं केलं तर कसं’ ही वाक्यं कामाची नाहीत. ‘मी फोनवरच आहे, काकू’ एवढं पुरतं. त्या तोच प्रश्न पाच वेळा विचारतील: त्रास झाला का, जवळ कोण होतं? उत्तर पाचही वेळा तेच आणि खरं असावं. ‘कधी आणताय?’ याला मात्र ठोक वेळ देऊ नये. कागदपत्रांना किती वेळ लागेल ते दवाखान्याच्या हातात असतं. ‘निघालो की फोन करतो’ म्हणावं आणि खरोखरच करावा.

घराघरांत होणाऱ्या दोन गोष्टी डॉक्टरांना काळजीत टाकतात. बातमी सांगण्याआधी ‘शांत राहावी म्हणून’ झोपेची गोळी देतात. म्हाताऱ्या माणसाला तिने भ्रम होतो, तोल जातो, आणि जागं झाल्यावर बातमी तर ऐकायचीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे रक्तदाब वाढेल म्हणून बीपीची गोळी किंवा कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवणं. दाब एकदम खाली येऊन त्यातूनच मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी द्याव्यात, जादा काही नको.

मधुमेहाचं प्रकरण जास्त फसवं आहे. मयताच्या घरी अंत्यविधी होईपर्यंत चूल पेटत नाही. आजींनी सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं आणि दुपारपर्यंत पोटात काही नसतं. मग घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं आणि बायका म्हणतात, धक्का बसलाय तिला. धक्का असेलही, पण आधी साखर तपासावी. ग्लुकोमीटर नसेल आणि त्या शुद्धीवर असतील, नीट गिळत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटं वाट पाहावी. तरतरी आली तर निदान झालंच, लगेच भाकरीचे चार घास द्यावेत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. चूल न पेटवण्याची रीत मोडायला नको, शेजारचा डबा चालतो. फक्त ‘तिला घास जात नाही’ म्हणून तो झाकून ठेवू नये.

छातीत दडपण, धाप, थंड घाम, एका बाजूची ताकद जाणं किंवा तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करायचा. दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा काही काळ दुबळा पडण्याचा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं आणि तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतो. बहुतेक रुग्णांत हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण हा तोच आजार की खरा झटका, हे नुसत्या ईसीजी आणि रक्ततपासणीवरून डॉक्टरलाही खात्रीने ओळखता येत नाही, बहुतेक वेळा अँजिओग्राफी लागते. त्यामुळे ‘दुःखानं होतंय, बसेल आपोआप’ हा निर्णय घरात घ्यायचा नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला एकदा सोप्या शब्दांत खरं सांगावं आणि रडू द्यावं. दुसऱ्या दिवशी तिने ‘थोरला कधी येणार?’ म्हणून विचारलं, तर दर वेळी मृत्यूची बातमी नव्याने देण्यात अर्थ नसतो, तिला दर वेळी तो पहिल्यांदाच कळतो. ‘त्याची आठवण येतेय ना?’ म्हणून त्याच्याविषयी बोलू द्यावं.

आजींच्या बाबतीत चाकणच्या पुतण्याचं काम अंत्यविधीनंतरही उरतं. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकलेलं निम्मं डोक्यात राहिलेलं नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्दी ओसरली की ‘मी त्याला आधी दवाखान्यात जा म्हणून बोलले असते तर?’ हा प्रश्न येतो. तेव्हा पुन्हा फोन करून, शक्य असेल तर दहाव्याला शेजारी बसून, दवाखान्यात काय काय झालं ते क्रमाने सांगावं. छातीतल्या दुखण्याला पित्त समजण्याची चूक भलेभले करतात, हेही सांगावं. त्याच बैठकीत धाकट्या भावालाही छातीत कधी जळजळ होते का ते विचारून घ्यावं. भाऊ लहान वयात गेला असेल, तर धाकट्याचा रक्तदाब, साखर आणि ईसीजी एकदा तपासून घ्यायलाच हवेत.