ब्राह्मी कोणती? वनौषधींची चार नावे जुळवताना



जबलपूरमध्ये राहून हिंदी लेखांचे मराठी भाषांतर करताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो वनौषधींच्या नावांना. एका लेखात ‘मंडूकपर्णी (ब्राह्मी)’ असे छापले होते. वाचकाला सोपे जावे म्हणून मी मराठीत फक्त ‘ब्राह्मी’ ठेवले. लेख तपासणाऱ्या ताईंनी एकच प्रश्न विचारला, “हे वाचून वाचक बागेतले कोणते पान तोडेल?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते आज आपल्यासमोर ठेवत आहे.

प्रथम एक सोपे उदाहरण पाहू. अश्वगंधाला हिंदीत असगंध आणि मराठीत आसंध किंवा आस्कंद म्हणतात. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या वाणांची नावेही ‘जवाहर असगंध २०’ आणि ‘जवाहर असगंध १३४’ अशीच आहेत. ताज्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून संस्कृत नाव अश्वगंधा. वनस्पतिशास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, त्यातील ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी. दोन्ही नावांनी वेगवेगळा गुण टिपला असला तरी झाड एकच आहे. येथे सांभाळायचे ते एवढेच की औषधात मूळ वापरतात. २०२१ साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधाची पाने वापरू नयेत असे कळवले होते. म्हणजे झाडाचे नाव बरोबर लिहिले, पण कोणता भाग ते लिहिले नाही, तर माहिती अर्धीच राहते.

आता अवघड उदाहरणाकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी व स्मृतीसाठी चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. परीक्षेच्या दिवसांत ही यादी अनेक लेखांत येते. ही चार नावे मराठीत आणताना काय घडते ते एकेक करून पाहू.

यष्टीमधु सर्वांत सरळ आहे. यष्टी म्हणजे काठी, मधु म्हणजे गोड. वनस्पतिशास्त्रीय नाव ग्लायसिरायझा ग्लाब्रा. ग्लायसिरायझा या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थही ‘गोड मूळ’ असाच. हिंदीत मुलेठी, मराठीत ज्येष्ठमध. हिंदी लेखातील ‘मुलेठी’ तसेच ठेवले, तर विदर्भातील वाचकाला कदाचित कळेल, पण कोकणातील आजी दुकानात ज्येष्ठमधच मागणार. येथे फक्त शब्द बदलतो, वस्तू बदलत नाही. एक सूचना मात्र लेखात अवश्य असावी: ज्येष्ठमध पुष्कळ दिवस जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो.

गुडूची म्हणजे हिंदीतील गिलोय आणि मराठीतील गुळवेल. मराठी नावात गूळ ऐकू येतो, पण चव कडू असते. वनस्पतिशास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. अडचण येथेच आहे, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या वेलीची पानेही तशीच दिसतात. ही वेल गुळवेल समजून घेतली तर अपाय होऊ शकतो, असे आयुष मंत्रालयाने सांगितले आहे. फरक खोडावर पाहावा. क्रिस्पाच्या खोडावर भरपूर उठावदार गाठी असतात आणि ते कापल्यावर दुधासारखा चीक येतो. गुळवेलीच्या खोडावर तशा गाठी नसतात आणि पांढरा चीकही येत नाही. म्हणून लेखात फक्त ‘हृदयाकार पानांची वेल’ असे वर्णन देणे पुरेसे नाही.

शंखपुष्पी हे नाव फुलाच्या आकारावरून पडले, आणि शंखासारखे वाटणारे फूल एकाच झाडाला येत नाही. भारताच्या आयुर्वेदिक औषधिकोशाने कॉन्व्होल्वुलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती शंखपुष्पी म्हणून घेतली आहे. ती जमिनीलगत पसरते आणि तिला पांढरट ते फिकट गुलाबी फुले येतात. मात्र काही ठिकाणी निळ्या, इवल्याशा फुलांची विष्णुक्रांता, तर केरळात आपली गोकर्णही शंखपुष्पी म्हणून वापरतात. तेव्हा दक्षिणेतील लेखावरून भाषांतर करताना ‘शंखपुष्पी’ पाहून थांबावे आणि मूळ लेखकाच्या मनात कोणते झाड होते ते विचारावे.

शेवटी मंडूकपर्णी, जिथे माझी चूक झाली. औषधिकोशाप्रमाणे मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका आणि ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी. सुश्रुतसंहितेतही मंडूकपर्णीचा आणि ब्राह्मीचा प्रयोग वेगवेगळा सांगितला आहे. पण उत्तर भारतातील बाजारात, विशेषतः हरिद्वारकडे, सेंटेलालाच ब्राह्मी म्हणतात, आणि महाराष्ट्रातील बऱ्याच घरांत कुंडीतली ‘ब्राह्मी’ तीच असते. तिचे जुने मराठी नाव कारिवणा. बकोपाला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हटले की गोंधळ टळतो.

ओली वनस्पती हातात असेल तर ओळख सोपी आहे. कारिवण्याचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी आणि लांब देठावर असते. त्याच्या पानात बेडकाच्या पावलाची आठवण येते, म्हणूनच मंडूकपर्णी. फुले अगदी बारीक, पानांखाली लपलेली. जलब्राह्मीची पाने लहान, जाडसर, चमच्यासारखी लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर असतात. तिला पाच पाकळ्यांची पांढरी किंवा फिकट जांभळी फुले येतात आणि ती ओल्या चिखलात वाढते. कारिवणा कोथिंबिरीच्या कुळातला आहे, जलब्राह्मी त्या कुळातली नाही. वाळवून चूर्ण केल्यावर मात्र डोळ्यांनी हा फरक सांगता येत नाही. तेथे वेष्टनावरील वनस्पतिशास्त्रीय नावच वाचावे लागते.

म्हणून माझ्या त्या वाक्यात ‘ब्राह्मी’ लिहिणे चूक होते. चरकाच्या यादीतील वनस्पती कारिवणा आहे. मी नंतर असे दुरुस्त केले: “मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका, मराठीत कारिवणा, अनेक घरांत हिलाच ब्राह्मी म्हणतात), ताज्या पानांचा रस.”

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पावतीशिवाय नोंद करू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आता वहीत प्रत्येक वनौषधीसाठी पाच रकाने ठेवतो: मूळ लेखातील नाव, संस्कृत नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव, मराठी नाव आणि वापरायचा भाग. वनस्पतिशास्त्रीय नावाचा रकाना रिकामा असेल, तर मराठी नाव लिहीत नाही. मूळ लेखकाला किंवा ओळखीच्या वैद्यांना आधी विचारतो.

आपल्या घरी कुंडीत ‘ब्राह्मी’ असेल, तर आज तिचे एक पान देठासकट हातात घेऊन पाहा. देठ लांब आणि पान गोल असेल, तर आपल्याकडे कारिवणा आहे. कुंडीवर तेच नाव लिहून ठेवा, आणि औषध म्हणून घेण्यापूर्वी वैद्यांना ते पान प्रत्यक्ष दाखवा.