चार ब्लॉक, तीन वाण आणि टोपीतल्या चिठ्ठ्या

आधी एक जुनी गोष्ट. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल या दोघांनी एक एकर गव्हाचे ५०० सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येकाचं धान्य वेगळं मोजलं. निष्कर्ष १९११ साली छापले. सगळीकडे गहू एकच, खत एकच, तरी कुठे पावणेतीन पौंड तर कुठे पाच पौंडांच्या वर! म्हणजे नव्या वाणाने एका तुकड्यात दीडपट पीक दिलं, तर ती करामत वाणाची की जमिनीची, हे नुसतं बघून सांगताच येत नाही. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाला आणि त्याने यावर जो तोडगा काढला, तोच आपण 'ब्लॉकिंग' आणि 'रँडमायझेशन' म्हणून शिकतो. परीक्षेत व्याख्या सगळे लिहितात, पण दोघांची कामं वेगळी आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

एक शेत डोळ्यांसमोर आणा. वरचा भाग मुरमाड, खाली नाल्याकडे उतार, आणि तिथे खोल काळी माती. पूर्वेच्या बांधाला लागून पाण्याचा पाट. गव्हाचे तीन वाण तपासायचे आहेत : क, ख, ग. मी उताराला आडवे चार पट्टे पाडीन आणि प्रत्येक पट्ट्यात शेजारी-शेजारी तीन वाफे, प्रत्येकी ८ बाय ५ मीटर. पट्टा म्हणजेच ब्लॉक. एका ब्लॉकमधले तिन्ही वाफे एकाच उंचीवर, साधारण सारख्या मातीत येतात, आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदा येतो.

समजा, पीक असं आलं (किलोमध्ये, अनुक्रमे क, ख, ग) :

पहिला ब्लॉक (सगळ्यात वर) : १०, १२, ११
दुसरा : ११, १६, १२
तिसरा : १४, १९, १८
चौथा (नाल्याजवळ) : १७, २१, १९

सरासरी क १३, ख १७, ग १५. आता ब्लॉक विसरून बघा. क १० ते १७, ख १२ ते २१. दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेत की काही ठरवणं अवघड. पण ब्लॉकच्या आत बघितलं, तर ख हा क पेक्षा २, ५, ५ आणि ४ किलोने पुढे आहे, चारही वेळा!

हेच गणितात मांडू. एकूण चढउताराची वर्गबेरीज १५८. त्यात ब्लॉकचा वाटा १२०, वाणांचा ३२, उरले फक्त ६. ब्लॉक धरले नाहीत तर ते १२० 'चुकी'च्या खात्यात जातात : १२६ भागिले ९, म्हणजे १४. वाणांचे ३२ भागिले २, म्हणजे १६. गुणोत्तर जेमतेम १.१. ब्लॉक धरले तर चूक ६ भागिले ६, म्हणजे १, आणि गुणोत्तर थेट १६. पाच टक्के पातळीला कोष्टकातली मर्यादा ५.१४ आहे. शेत तेच, गहू तोच! ९ च्या जागी ६ स्वातंत्र्यांश उरले, एवढीच काय ती किंमत.

मग चिठ्ठ्या कशाला? कारण ब्लॉकच्या आतही सगळं सारखं नसतं. पाटाजवळच्या वाफ्याला पाणी जास्त मिळतं. सोय म्हणून प्रत्येक पट्ट्यात पाटाकडून ख, ग, क असाच क्रम ठेवला, तर चारही वेळा जास्तीचं पाणी ख ला. मग ते ४ किलो वाणाचे की पाटाचे? हे नंतर कुठलंही सूत्र वेगळं करू शकत नाही. म्हणून टोपीत तीन चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येक ब्लॉकसाठी नव्याने काढायच्या. एकदा काढून चार वेळा वापरल्या तर ते रँडमायझेशन नव्हेच. चिठ्ठ्यांनी पाटाचा फरक नाहीसा होत नाही, तो कुणा एकाच्या बाजूने ठरवून जात नाही इतकंच. जो फरक आपल्याला माहीत आहे तो ब्लॉकने काढायचा, जो माहीत नाही तो चिठ्ठ्यांवर सोडायचा.

नेहमीचा घोटाळा ब्लॉकच्या दिशेचा. पट्टे उताराच्या बाजूने, वरून खाली पाडले, तर प्रत्येक ब्लॉकमध्ये मुरूमही येतो आणि काळी मातीही. हे आकड्यांतही दिसतं : ब्लॉकचा वाटा नगण्य आणि चूक फुगलेली. दुसरा घोटाळा कापणीचा. दोन दिवस लागणार असतील तर पहिल्या दिवशी दोन ब्लॉक पूर्ण कापा. आज सगळे क आणि उद्या सगळे ख, असं केलंत की मधे पडलेला पाऊस वाणाच्या नावावर जमा होतो. (सिव्हिलवाल्यांनो, काँक्रीटचे क्यूब टेस्ट करताना रोजची बॅच हाच तुमचा ब्लॉक!)

एक मर्यादा मात्र राहते. एखादा वाण फक्त काळ्या मातीतच उठून दिसत असेल, तर ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदाच असल्यामुळे ते 'चुकी'त मिसळून जातं. ते वेगळं काढायचं असेल तर प्रत्येक ब्लॉकमध्ये वाफे दुप्पट करावे लागतात, आणि मग पट्टा लांबतो, त्याच्या दोन टोकांची माती वेगळी पडू लागते.