अंगठा देण्याआधी ड्राफ्ट वाचा

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर सांभाळते. नवी मुलं रुजू झाली की त्यांचे भाडेकरार माझ्या टेबलावर येतात, कारण पत्त्याच्या पुराव्याला आणि घरभाड्याच्या करसवलतीला तो कागद लागतो. बहुतेकांची गोष्ट एकच असते. एजंट रात्री व्हॉट्सॲपवर इंग्रजी पीडीएफ टाकतो, खाली ‘चेक करून ओके करा’ लिहितो आणि सकाळी अंगठ्याचं मशीन घेऊन दारात हजर. मुलगा नाव आणि भाड्याचा आकडा बघतो, ओके पाठवतो.

आमच्या असेंब्ली लाइनवरच्या एकाने मोशीत असाच फ्लॅट घेतला. भाडं 14,000, डिपॉझिट 50,000, मुदत अकरा महिने. सात महिने झाले आणि त्याची बदली रांजणगावला झाली. घाईघाईत नोटीस न देताच त्याने घर सोडलं. करारातलं कलम असं होतं : सहा महिन्यांचा लॉक-इन संपल्यावर एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडता येईल, तसं न केल्यास ‘रिमेनिंग पीरियड’चं भाडं द्यावं लागेल. आता उरलेला काळ म्हणजे कुठला? मुलगा म्हणाला, नोटिशीचा एक महिना; 14,000 कापा, 36,000 परत द्या. मालक काका म्हणाले, कराराचे चार महिने. ते होतात 56,000, म्हणजे तूच मला वर सहा हजार दे. वाक्य नीट वाचलं तर दोघांचंही बरोबर. काका लबाड नव्हते, वाक्यच ढिसाळ होतं. शेवटी दोन महिन्यांवर तोडगा निघाला आणि मुलाला 22,000 मिळाले. ड्राफ्टमध्ये त्या दोन शब्दांच्या मधे ‘नोटीस’ एवढा एक शब्द घातला असता तर भांडणाला जागाच नव्हती.

नंतर समजावून सांगू, असं इथे फारसं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 मध्ये लिहिलंय, की लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. त्याच कलमानुसार मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणून शेवटची तारीख बोटांवर मोजा. 1 जूनपासून अकरा महिने म्हणजे 30 एप्रिल. जुन्या कराराची नक्कल केली की 31 मे तशीच राहते, मग एका ओळीत अकरा महिने आणि दुसरीत बारा.

इंग्रजी बेताचंच असणाऱ्यांना मी एक युक्ती सांगते. लायसेन्सर म्हणजे मालक, लायसेन्सी म्हणजे राहणारा; फरक शेवटच्या अक्षरांचा, आणि टाइप करणारा तिथेच घसरतो. प्रत्येक कलमात या शब्दांच्या जागी माणसांची नावं घालून मोठ्याने वाचा. ‘सोसायटीचा मेंटेनन्स काका भरतील’ असं ऐकू आलं आणि ठरलं उलटं असेल, तर चूक लगेच कानाला लागते. मधेच ‘ओनर’, ‘टेनंट’, ‘सेकंड पार्टी’ असे नवे शब्द आले तर एजंटला सगळीकडे एकच जोडी ठेवायला सांगा. ‘ही’ किंवा ‘हिम’ दिसलं की विचारा, हा कोण? नुकसान ‘तो’ ठरवणार असेल, तर तो मालक की भाडेकरू हे कागदावर यायला हवं.

नावांचं स्पेलिंग आधार कार्ड समोर ठेवून अक्षराअक्षराने जुळवायचं. आळंदीच्या पंचक्रोशीत ज्ञानेश्वर घरोघरी, आणि त्याचं Dnyaneshwar, Dnyneshwar, Gyaneshwar असं काहीही होतं. पहिल्या पानावर एक आणि सहीखाली दुसरं, असेही करार मी पाहिलेत; बँकेतला माणूस तेवढ्यावर परत पाठवतो. (वडिलांचं नाव तर कुणी बघतच नाही.)

पत्त्यात आमच्याकडे एक खास खड्डा आहे. Mahalunge दोन आहेत : एक चाकणजवळचं, तालुका खेड, दुसरं बालेवाडीशेजारचं, तालुका मुळशी. एजंटच्या जुन्या फाइलमधला तालुका तसाच राहिला तर तुमचं घर कागदोपत्री भलत्याच टोकाला जातं. गट नंबर, गाव, तालुका हे मालकाच्या वीजबिलाशी आणि कर पावतीशी ताडून बघा.

नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, आणि त्यासाठी मालकालाही पुन्हा गाठावं लागतं. म्हणून मुलांना मी सांगते : दुरुस्त्या फोनवर सांगू नका, कलम नंबरासकट लिहून पाठवा, नवी पीडीएफ मागवा आणि तीही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. एजंट म्हणेल, ‘मॅडम, सगळ्यांचा फॉरमॅट हाच असतो.’ असू दे.